आजीची पासवर्डची वही

*माझी आजी ७६ वर्षांची, निवृत्त शिक्षिका आहे. तिच्या सगळ्या पासवर्डची एक वही आहे आणि ती देवघरामागच्या फडताळात असते. मी पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करतो. गणपतीत गावी गेलो तेव्हा एका दुपारी तिचे सगळे पासवर्ड बदलले, फोनमध्ये सगळे पासवर्ड साठवून ठेवणारे पासवर्ड मॅनेजर हे ॲप बसवून दिले आणि 'आता ही वही फाडून टाकू' असे म्हणालो. आठवड्याभरात पेन्शनच्या खात्याचा पासवर्ड तिने तीनदा चुकवला, ते खाते अडकले, आणि आता ती नव्या वहीत सगळे पुन्हा लिहीत बसली आहे. फोन केला की म्हणते, 'तुझं ते यंत्र तुझ्यापाशीच ठेव.' वही धोक्याची आहे हे तिला कसे पटवू? की सगळे माझ्याच फोनमध्ये घेऊन तिचे व्यवहार मीच सांभाळू? — एक नातू*

नमस्कार.

आजींना पटवण्यापूर्वी आपण दोघे एक गोष्ट तपासून पाहू. वही धोक्याची आहे असे तुम्ही म्हणता, पण ती कोणापासून धोक्याची आहे? पासवर्ड चोरणारे बहुतेक लोक आजींच्या गावात राहत नाहीत. एखाद्या संकेतस्थळावरून फुटलेली पासवर्डची यादी मिळवून तेच पासवर्ड ते इतर हजार ठिकाणी लावून पाहतात, सोपा पासवर्ड यंत्राकरवी ओळखतात, किंवा फोन आणि संदेश करून माणसाकडूनच तो काढून घेतात. यांतल्या एकाचाही हात फडताळातल्या वहीपर्यंत पोहोचत नाही. वहीला धोका आहे तो घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांचा, आगीचा, पावसाच्या गळतीचा आणि हरवण्याचा. तो खराच आहे, पण तो किती मोठा आहे हे आजींना तुमच्यापेक्षा अधिक कळते, कारण घर त्यांचे आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात संगणकावर पासवर्डची पद्धत आणणारे फर्नांडो कॉर्बातो यांनीही २०१४ मध्ये सांगितले होते की एवढे पासवर्ड कोणाच्याच लक्षात राहणार नाहीत आणि आपण स्वतः ते कागदावर उतरवून ठेवतो.

म्हणून वही असण्यात चूक आहे असे मला वाटत नाही. वहीत काय लिहिले आहे आणि ते कसे लिहिले आहे, हे मात्र पाहिलेच पाहिजे. हे मी माझ्या घरात शिकले, म्हणून तेच सविस्तर सांगते.

माझी आई टपाल खात्यातून निवृत्त झाली. बचत खात्यांच्या नोंदी करण्यात तिची तीस वर्षे गेली, त्यामुळे लिहिलेले तेच खरे, हा तिचा स्वभावच बनून गेला आहे. तिची पासवर्डची वही शंभर पानी, तपकिरी कव्हर घातलेली आणि वर नीट लेबल लावलेली होती. माझा मुलगा तुमच्याच वयाचा आणि तुमच्याच क्षेत्रातला आहे. दिवाळीत तो आजीपाशी बसला तेव्हा पहिल्या दिवशी त्याने एकही पासवर्ड बदलला नाही. आजी एकेक नोंद वाचत गेली आणि तो कोऱ्या कागदावर उतरवत गेला, एवढेच काम झाले. पाऊण तासाने आईला थकवा जाणवू लागला तेव्हा त्याने कागद मिटला, आणि पुढेही पाऊण तासाची ही मर्यादा त्याने कधी ओलांडली नाही.

त्या कागदावर २६ नोंदी झाल्या. त्यांतल्या ११ केव्हाच निरुपयोगी झालेल्या होत्या, जसे की काढून टाकलेल्या लँडलाइनचे बिल, एकदाच केलेली औषधांची खरेदी आणि माझ्या वडिलांची बंद केलेली खाती. उरलेल्या १५ पैकी ९ ठिकाणी पासवर्ड मुळात एकच होता. वडिलांचे नाव, त्यांचे जन्मसाल, मग @ आणि शेवटी एक आकडा, अशी त्याची घडण होती. बँकेने पासवर्ड बदलायला सांगितला की आई शेवटचा आकडा एकाने वाढवायची आणि आधीच्या नोंदीवर रेघ मारायची. त्या रेघांची रांग पाहिली की पुढचा पासवर्ड कोणालाही ओळखता आला असता. आईचा यात दोष नव्हता. ठराविक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावले की माणसे नेमके असेच करतात, आणि म्हणूनच एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेने २०१७ मध्ये अशी सक्ती करू नये असे सांगितले. तरीही जिथे बँक सक्ती करते तिथे आपल्याला बदलावेच लागते, ही गोष्ट पुढे लक्षात ठेवावी लागेल.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट दिसली, आणि तुमच्या आजींचे खाते का अडकले असेल याचा धागा मला तिच्यात दिसतो. आई आकडे देवनागरीत लिहिते. तिने लिहिलेला १ माझ्या मुलाने 9 असा वाचला आणि तिचा ४ त्याला 8 वाटला. आई स्वतः वाचायची तेव्हा चुकत नसे, पण तिच्या वतीने टाइप करणारा प्रत्येक जण चुकत असे. तुमच्या बाबतीत याच्या उलट झाले असावे. तुम्ही मॅनेजरकडून तयार करून घेतलेल्या लांबलचक पासवर्डमध्ये O आणि 0, l आणि 1 शेजारीशेजारी आले असतील. आजींनी पडद्यावरून ते वहीत उतरवले आणि वहीतून पुन्हा टाइप केले. अशा दोन वेळच्या उतरवण्यात सोळा अक्षरांपैकी एक जरी हुकले तरी बँक आत घेत नाही, आणि काही प्रयत्नांनंतर कुलूप लावते. आजींना ते यंत्र नकोसे झाले ते या अनुभवानंतर, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसेच वाटले असते.

माझ्या मुलाने यावर सोपा उपाय केला. त्याने गणिताची चौकटीची वही आणली. एका चौकटीत एकच अक्षर, तेही छापील वळणाचे. मोठ्या लिपीतल्या अक्षराखाली रेघ. शून्यावर तिरपी काट. आणि आकडे पडद्यावर दिसतात तसेच. आईने जुन्या वहीतल्या जिवंत १५ नोंदी स्वतःच्या हाताने या वहीत उतरवल्या. नवी वही तिच्या अक्षरात असल्यामुळे तिला ती आपली वाटली, आणि नातू वही काढून घ्यायला आलेला नाही हेही तिला तेव्हाच कळले.

दुसऱ्या बैठकीत त्याने हात घातला तो बँकेला नाही, तर ईमेलला. कारण साधे आहे. बहुतेक संकेतस्थळांवर 'पासवर्ड विसरलात?' असे दाबले की पत्र ईमेलवर येते. ज्याच्या हाती ईमेल त्याच्या हाती बाकीची बरीच खाती आपोआप जातात. आईच्या जीमेलच्या सुरक्षा विभागात खाते परत मिळवण्यासाठी जो मोबाइल क्रमांक दिलेला होता, तो माझ्या वडिलांचा निघाला. ते जाऊन तीन वर्षे झाली होती. आपल्याकडे सिम ९० दिवस वापरात नसेल तर ते बंद होऊ शकते आणि पुढे तो क्रमांक दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. माझ्या मुलाने त्या क्रमांकावर फोन लावला तेव्हा एका अनोळखी बाईंनी उचलला. त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते, पण आईचे खाते परत मिळवण्याचा संदेश त्यांच्या फोनवर गेला असता. तुमच्या आजोबांचा किंवा घरातल्या कोणाचा जुना क्रमांक असा कुठे राहून गेला आहे का, हे सर्वांत आधी पाहा. हे पाहिल्याशिवाय बाकीचे पासवर्ड कितीही भक्कम केले तरी मागचे दार उघडेच राहते.

त्याने तो क्रमांक काढून आईचा स्वतःचा घातला, दुसरा पत्ता म्हणून माझा ईमेल दिला आणि पासवर्डानंतर फोनवरही खात्री करून घेणारी दुहेरी पडताळणी चालू केली. ती चालू केल्यावर गूगल आठ आकड्यांचे दहा राखीव कोड देते. फोन हरवला किंवा सिम चालेनासे झाले तर यांतला एक कोड टाकून आत जाता येते, आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. हे दहा कोड आईने चौकटीच्या वहीत स्वतंत्र पानावर उतरवले. 'म्हणजे हे दहा स्टॅम्प, एकेक लावून संपवायचे,' असे ती म्हणाली, आणि ही उपमा मला कोणत्याही पुस्तकी स्पष्टीकरणापेक्षा चपखल वाटली.

मग प्रश्न आला नव्या पासवर्डचा. तो असा हवा होता की ओळखता येऊ नये, पण ७८ वर्षांच्या बोटांना न चुकता टाइप करता यावा. अभंगाची ओळ, गाण्याचा मुखडा किंवा म्हण घेण्याचा मोह सर्वांना होतो, पण असे प्रसिद्ध शब्दक्रम पासवर्ड फोडणाऱ्यांच्या यादीत सहज येऊ शकतात. शब्द आपल्या ओळखीचे असावेत, मात्र त्यांचा क्रम माणसाने निवडलेला नसावा. फासे टाकून शब्द निवडण्याची डाइसवेअर नावाची पद्धत १९९५ पासून आहे. तिच्या मूळ यादीत ७,७७६ इंग्रजी शब्द असतात, आणि ते आईच्या काय कामाचे? तेव्हा दोघांनी मिळून स्वतःची यादी केली. सापशिडीचे तीन फासे घेतले तर २१६ वेगवेगळ्या जोडण्या होतात, म्हणून २१६ शब्द लिहायचे ठरले. परात, सांडशी, कुरडई, तोरण, घागर, जातं, उंबरा, असे आईच्या घरातले आणि अंगणातले शब्द भरायला तिला दोन रविवार लागले. या कामात ती इतकी रमली की जेवणाच्या ताटावरही तिला नवे शब्द सुचत होते.

इथे मराठी माणसाला एक अडचण हमखास येते. पासवर्ड रोमन लिपीत टाइप करायचा असतो आणि आपले शब्द रोमनमध्ये लिहिण्याची ठरलेली पद्धत नाही. 'वही' हा शब्द कोणी vahi लिहील तर कोणी wahi. आज एक आणि उद्या दुसरे टाइप झाले की खाते अडकलेच. म्हणून यादीत प्रत्येक मराठी शब्दापुढे आईने तिला सहज सुचेल ते रोमन रूप लिहिले आणि तेच पक्के धरले. नातवाने एकही स्पेलिंग सुधारले नाही. वेलांट्या-उकार, च-छ, श-ष यांचा घोळ होईल असे शब्द तिने आपणहून गाळले.

फासे टाकल्यावर तयार झालेला वाक्यांश साधारण असा दिसतो: `parat-kurdai-umbra-toran-sandshi-ghagar`. (हा इथे छापला गेला आहे, त्यामुळे कोणीही वापरू नये.) सहा शब्द फाशांनी निवडले तर जोडण्यांची संख्या एक कोटी गुणिले एक कोटी याच्या थोडी पुढे जाते, आणि चोराच्या हाती शब्दांची यादी पडली तरी हा आकडा तेवढाच राहतो. चार शब्द घेतले तर ती संख्या सव्वादोनशे कोटींच्या आतबाहेर येते. चुकीचे काही प्रयत्न झाल्यावर जे खाते स्वतःच कुलूपबंद होते त्याला चार शब्द पुरेसे आहेत. पासवर्ड मॅनेजर ज्याने उघडतो त्या मुख्य पासवर्डला मात्र सहा हवेत, कारण मॅनेजरची तिजोरी कोणी चोरून नेलीच तर तिच्यावर कितीही प्रयत्न करता येतात. फासे पडले तसे शब्द घ्यायचे, आवडला नाही म्हणून पुन्हा टाकायचे नाहीत, एवढा नियम पाळावा लागतो. आईला पहिल्याच फेरीत 'झाडू' आला आणि तिने तो बदलून मागितला. नातवाने तिला नियमाचे कारण सांगितले आणि झाडू राहिला.

इथवर दिवाळीची सुट्टी संपली. फोनमध्ये अजून एकही नवे ॲप आलेले नव्हते. तुमच्या एका दुपारच्या कामाशी याची तुलना करून पाहा.

त्यानंतर दर रविवारी फोनवर एक खाते, असा क्रम सुरू झाला. मॅनेजर म्हणून त्याने बिटवॉर्डन निवडला, कारण तो विनामूल्य वापरता येतो आणि फोनवर व लॅपटॉपवर सारखाच चालतो. अँड्रॉइड फोनमध्ये आधीच असलेला गूगलचा मॅनेजरही अनेकांना पुरेसा ठरतो. मात्र तो गूगल खात्याला आणि फोनच्या कुलपाला बांधलेला असतो, त्यामुळे कुलूप चार सोप्या आकड्यांचे ठेवून चालत नाही. कोणता घ्यावा यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण माझ्या आईच्या बाबतीत निर्णायक ठरले ते दोन नियम होते. पहिला असा की टाइप करायचे ते फक्त आजीने. सुट्टीत समोर बसला असतानाही नातू हात मागे बांधून बसायचा. आजी अक्षर शोधत राहायची, तो गप्प राहायचा, आणि ते गप्प राहणे त्याला सर्वांत जड गेले असे त्याने मला नंतर सांगितले. दुसरा नियम आईने स्वतः केला. नवा पासवर्ड मॅनेजरमध्ये गेला तरी वहीतली जुनी नोंद लगेच खोडायची नाही, नवा पासवर्ड तिथेच पेन्सिलीने लिहायचा. दोन वेगवेगळ्या दिवशी मॅनेजरमधून ती स्वतः खात्यात गेली, तरच त्या नोंदीवर लाल शाईची रेघ आणि समोर तारीख. पंधरा खात्यांना साडेचार महिने लागले. त्यांत एकही खाते अडकले नाही.

बँकेच्या खात्याला थोडी वेगळी वागणूक द्यावी लागली. काही बँकांची लॉगिनची पाने पासवर्ड चिकटवू देत नाहीत किंवा आपोआप भरू देत नाहीत, तिथे हातानेच टाइप करावे लागते. अशा ठिकाणी मॅनेजरने तयार केलेला चिन्हांचा गुंता ठेवलात तर आजी पुन्हा अडकतील. बँकेच्या अटींत बसतील असे तीन-चार शब्द, एक मोठे अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह असा पासवर्ड तिथे ठेवावा, आणि बँकेने बदलायला लावले की आकडा न वाढवता फासे नव्याने टाकावेत. यूपीआयचा पिन आणि एटीएमचा पिन मात्र वहीतही नको आणि मॅनेजरमध्येही नको. हे चार किंवा सहा आकडे डोक्यातच राहू द्यावेत. आजी ते विसरल्या तर नवा पिन घेता येतो, पण कार्ड आणि पिन एकत्र कोणाच्या हाती लागले तर मधे अडवणारे काहीच उरत नाही.

जानेवारीत मॅनेजरने एकदा आईला घाबरवले. बँकेचे पान उघडले, पण पासवर्ड भरलाच जाईना. तिने हाताने टाइप केला नाही, फोन खाली ठेवला आणि नातवाला कळवले. तिने केले ते अगदी बरोबर होते. मॅनेजर पासवर्डासोबत संकेतस्थळाचा पत्ताही लक्षात ठेवतो आणि पत्ता तोच असेल तरच पासवर्ड पुढे करतो, म्हणून तो गप्प राहिला की थांबायचे, हे तिला शिकवलेले होते. त्या दिवशी कारण निराळे निघाले. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत .bank.in या शेवटाच्या पत्त्यावर येण्यास सांगितले होते, त्याप्रमाणे तिच्या बँकेचा पत्ता बदलला होता आणि नोंदीत जुनाच राहिला होता. पासबुकावरच्या क्रमांकावर फोन करून नवा पत्ता पडताळला आणि नोंद दुरुस्त केली. तुमच्या आजींच्या बाबतीतही असे होऊ शकते, तेव्हा बँकेच्या नोंदींतले पत्ते आधीच तपासून ठेवा. पुढे 'बिल भरले नाही, आज रात्री वीज तोडली जाईल' असा संदेश आला आणि त्यातल्या दुव्याने बँकेसारखेच दिसणारे पान उघडले, तेव्हाही मॅनेजर गप्प होता, आणि त्या वेळी त्याचे गप्प राहणे खरे ठरले.

मॅनेजरची मर्यादाही आजींना तितक्याच स्पष्टपणे सांगा. फोनवर गोड बोलून कोणी ओटीपी मागितला, पडदा दाखवणारे ॲप बसवायला लावले किंवा संदेशातून आलेली एखादी फाइल उघडायला लावली, तर वहीही वाचवत नाही आणि मॅनेजरही वाचवत नाही. आईच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक आणि त्याखाली बँकेचा क्रमांक लिहिला आहे. फोन हातात असताना फोनमध्ये साठवलेला क्रमांक शोधण्याइतके भान त्या घटकेला राहत नाही, म्हणून तो कागदावरच हवा.

आता त्या वहीचे पुढे काय झाले ते सांगते. मॅनेजरचा मुख्य पासवर्ड कंपनीकडे नसतो. तो विसरला तर तिजोरी कोणीच उघडून देऊ शकत नाही. म्हणून तो कुठेतरी लिहिलेला असलाच पाहिजे, आणि लिहिण्याची जागा आपल्याकडे होतीच. आईने तो एका कागदावर लिहून पाकिटात घातला, पाकिटाच्या जोडावर सही आणि तारीख घातली आणि टपाल खात्यातल्या सवयीने त्यावर लाखेचे सील केले. पाकीट उघडले गेले तर दिसलेच पाहिजे, हा तिचा आग्रह होता. ते कपाटातल्या लॉकरमध्ये आहे, आणि चौकटीची वही त्यापासून दूर, स्वयंपाकघराच्या फडताळात.

मार्चमध्ये त्यांनी रंगीत तालीम केली. आईचा फोन हरवला असे समजायचे, तो बंद करून बाजूला ठेवायचा, आणि वही न उघडता, फक्त पाकिटाच्या आधारे माझ्या लॅपटॉपवर तिने एकटीने मॅनेजर उघडायचा. पाकीट फोडले, सहा शब्द टाइप केले, आणि गाडी तिथेच अडली. नव्या यंत्रावरून पहिल्यांदा आत जाताना बिटवॉर्डन ईमेलवर एक कोड पाठवतो. ईमेलचा पासवर्ड मॅनेजरच्या आत होता, आणि मॅनेजर उघडायला ईमेल हवा होता. ईमेलचा पासवर्ड मिळाला असता तरी तिथली दुहेरी पडताळणी बंद ठेवलेल्या फोनकडेच गेली असती. एका कुलपाची किल्ली दुसऱ्यात आणि दुसऱ्याची पहिल्यात, असा तो प्रकार होता. तालीम केली नसती तर हे खऱ्या अडचणीच्या दिवशी कळले असते. आता पाकिटात मुख्य पासवर्ड, ईमेलचा पासवर्ड आणि राखीव कोडांपैकी पाच, असे तीनही आहेत, आणि तालीम दर सहा महिन्यांनी होते. जूनमध्ये आईचा फोन खरोखरच बादलीत पडला. नव्या फोनवर सगळे परत यायला तिला पाऊण तास लागला आणि तिने नातवाला फोन केला तो सगळे झाल्यावर.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. सगळे तुमच्या फोनमध्ये घेऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकाने आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकालाच सोसावे लागते, आणि दुसरा म्हणजे घरातला नातूही धरला जाऊ शकतो. शिवाय आजींचा पैसा, त्यांची पेन्शन आणि त्यांचा खर्च ही त्यांची खाजगी बाब आहे. कोणाला किती दिले, कोणत्या देवळाला पावती फाडली, हे नातवाला दिसावे असे त्यांना वाटते का, हे तुम्ही विचारलेले मला तुमच्या पत्रात दिसले नाही. त्यांच्या पश्चात काय, ही काळजी मनात असेल तर तिचे उत्तर पासवर्डात नाही. खात्यांना नॉमिनीचे नाव लागले आहे का ते पाहा. खातेदार गेल्यावर त्याच्या पासवर्डने पैसे हलवणे हा मार्गच नव्हे, बँकेकडे रीतसर दावा करावा लागतो. तुम्ही सांभाळायचे ते एवढेच, की पाकीट कुठे आहे हे तुम्हाला माहीत असावे आणि ते कधी उघडायचे हे आजींनी सांगितलेले असावे.

पेन्शनचे खाते मात्र आत्ताच मोकळे करून घ्या. त्यासाठी आजींना घेऊन शाखेत जावे लागले तरी रजा काढून जा, कारण नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची गर्दी सुरू होते आणि तेव्हा काउंटरवर कोणालाच वेळ नसतो. जाताना चौकटीची वही विकत घ्या. आजींनी नव्याने लिहायला घेतलेली वही त्यांच्याकडून मागू नका. त्यांच्या शेजारी बसा आणि पहिली नोंद त्यांना वाचून दाखवायला सांगा.